बत्तीस हजारांचे पत्र

राहात्यात नगर-मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळे आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे एखाद-दुसरी भाड्याची खोली. शिर्डी अगदी जवळ असल्याने इथल्या दुकानदारीला दोन ऋतू असतात: गर्दीचा आणि बिनगर्दीचा. अशा गाळ्याचे भाडे थकले की पुढचा प्रकार ठरलेला असतो. भाडेकरू मालकाच्या समोरून जायचे टाळतो, मालक निरोपावर निरोप धाडतो, आणि मधला कोणीतरी "देईल हो, जातोय कुठे" म्हणत वेळ मारून नेतो. भाडेकरूने स्वतःहून, तगादा कडक व्हायच्या आधी, थकबाकीचा हिशेब कागदावर मांडून समान हप्त्यांत फेडायचा प्रस्ताव द्यावा, हे फार क्वचित घडते. असे पत्र लिहावे, एवढेच माझे म्हणणे नाही. असे पत्र टिकते की फसते, हे त्यातल्या नम्र शब्दांवर ठरत नाही, हप्ता कोणत्या महिन्यावर बेतला यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे. बहुतेक जण तो सरासरी महिन्यावर बेततात आणि तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला तोंडघशी पडतात. तो सगळ्यात दुबळ्या महिन्यावर बेतायला हवा.

या म्हणण्याला विरोध करायला मी एक अण्णा उभे केले आहेत. ते कल्पनेतले आहेत, पण त्यांचे आक्षेप कल्पनेतले नाहीत. अण्णांचे चार गाळे आहेत, बांधकामासाठी पतसंस्थेतून काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे. एका गाळ्यात शिलाईवाल्या ताई बसतात: ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. भाडे महिना ६,००० रुपये, महिना संपल्यावर पुढच्या ५ तारखेपर्यंत द्यायचे. ताईंच्या उजव्या हाताची शस्त्रक्रिया झाली, लग्नसराई हातची गेली आणि फेब्रुवारी ते जुलै २०२५ असे सहा महिन्यांचे भाडे थकले. एप्रिलमध्ये त्यांनी ४,००० रुपये रोख दिले होते. म्हणजे ३६,००० मधून ४,००० वजा जाता बाकी ३२,०००.

अण्णा : तुमचं पत्र वगैरे शहरात ठीक आहे. आपल्या राहात्यात माणूस घरी येतो, चहा घेतो, "अण्णा, जरा सांभाळून घ्या" म्हणतो. मी सांभाळतो. उद्या ताईंनी टाइप केलेला कागद हातात ठेवला तर मला वाटेल, ही बाई कोणा वकिलाकडे जाऊन आली. नसलेलं भांडण तुम्ही कागदाने उभं करताय.

मी : अण्णा, तुम्ही सांभाळून घेता हे खरे, पण किती दिवस, हे तुम्ही सांगत नाही आणि ताई विचारत नाहीत. भांडण तिथूनच सुरू होते. याचा मोठा दाखला आपल्याच पंचक्रोशीत आहे. शिर्डीचे मंदिर १७ मार्च २०२० ला भाविकांसाठी बंद झाले. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकबाकीपायी कोणाला घराबाहेर काढू नये. हेतू चांगलाच होता. पण ढकललेले भाडे माफ झाले नव्हते, आणि तीन महिन्यांनंतर ते कसे द्यायचे याचे वेळापत्रक त्या सूचनेत नव्हते. मंदिर उघडले १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, म्हणजे आठ महिन्यांनी. ५ एप्रिल २०२१ ला ते पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडले. ज्याचे पोट भाविकांच्या गर्दीवर आहे त्याला तीन महिन्यांची सवलत संपली तेव्हा कमाई शून्य आणि देणे तिप्पट, अशी अवस्था आली असणार. त्यासाठी आकडेवारी लागत नाही, तारखाच पुरेशा आहेत. नुसती मुदत देणे म्हणजे देणे एका जागी साठवणे. हप्ता ते साठू देत नाही. आणि चहावर झालेल्या बोलण्यात मुदत असते, हप्ता नसतो, कारण हप्त्याला आकडा आणि तारीख लागते आणि ती बोलताना संकोचाने कोणी काढत नाही. म्हणून ताईंनी चहालाही यावे आणि कागदही आणावा. दोन्ही एकाच भेटीत होऊ शकते.

अण्णा : बरं, कागद आणला. पण समान हप्ते कशाला? ताईंची कमाई समान आहे का? दिवाळीत रात्री दोनपर्यंत मशीन चालतं, पितृपक्षात माशा मारतात. दिवाळीत दहा हजार द्या, वाईट महिन्यात काही देऊ नका, असं मीच म्हणीन. हे जास्त माणुसकीचं नाही का?

मी : दिसायला तसेच दिसते. पण गणित करून पाहू. सामान, कारागिराची मजुरी आणि घरखर्च वजा जाता भाड्यासाठी ताईंच्या हातात साधारण महिन्यात ११,००० राहतात, दिवाळीच्या महिन्यात १७,००० आणि पितृपक्षाच्या महिन्यात ९,००० असे धरू. वर्षाची सरासरी ११,३०० च्या आसपास येते. सरासरी धरणारा म्हणेल, चालू भाड्याचे ६,००० गेले, उरले ५,३००, म्हणजे ५,००० चा हप्ता सहज झेपेल, सहा महिन्यांत विषय संपला. तुम्हालाही हा प्रस्ताव आवडेल, कारण तो लवकर संपतो. पण पत्र ऑगस्टमध्ये दिले तर पहिला हप्ता सप्टेंबरचा, आणि २०२५ चा पितृपक्ष नेमका सप्टेंबरात. हातात ९,०००, देणे ११,०००. पहिलाच हप्ता अपुरा. साध्या महिन्यातही ११,००० मधून ११,००० गेले की कात्री बोथट झाली तरी धार लावायला पैसा नाही. सरासरी वर्षाची असते, अण्णा, हप्ता महिन्याचा असतो. दुबळ्या महिन्यावर बेतले तर ९,००० मधून ६,००० गेले, उरले ३,०००. त्यातले ५०० अडीअडचणीला ठेवले की हप्ता २,५००. पत्रासोबत २,००० लगेच दिले तर बाकी ३०,०००, आणि ३०,००० भागिले २,५०० म्हणजे बरोबर बारा महिने. पहिला हप्ता १० सप्टेंबर २०२५, शेवटचा १० ऑगस्ट २०२६.

आता तुमच्या माणुसकीच्या प्रस्तावाकडे येतो. कमाईप्रमाणे हप्ता, यात एक खोट आहे: ताईंची कमाई किती झाली हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. दिवाळीत त्यांनी ४,००० आणले तर तुम्हाला वाटेल लपवतात. त्यांनी खरेच तेवढेच कमावले असले तरी त्यांना ते सिद्ध करता येणार नाही. दर महिन्याला नवी घासाघीस, नवा संशय. समान हप्त्यात तपासायला एकच गोष्ट उरते, १० तारखेला २,५०० आले की नाही. ती तुमची सूनही तपासू शकते. शिवाय पुढचे वर्ष मागच्यासारखे असते असे नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. "मे महिन्यात लग्नसराईत मोठा आकडा देते" असे ताईंनी आज कबूल केले तर ऐन हंगामाचा जवळजवळ अर्धा मे त्यांच्या हातून आधीच गेलेला आहे. (जावयाला धोंड्याचे वाण देताना लेकीला साडी होते, ब्लाउजही होते, पण त्यावर लग्नाचा बस्ता भरून निघत नाही.) दुबळ्या महिन्यावर बेतलेला हप्ता अशा वर्षातही तग धरतो.

अण्णा : म्हणजे दिवाळीत ताईंच्या गल्ल्यात सतरा हजार पडणार आणि मी अडीच हजारांवर समाधान मानायचं? माझा पतसंस्थेचा हप्ता ताईंच्या पितृपक्षाला विचारत नाही.

मी : हा तुमचा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर पत्रात लिहिलेच पाहिजे. चांगल्या महिन्यात ताईंनी जास्त रक्कम द्यावी, पण ती हप्त्याच्या ऐवजी नव्हे, हप्त्याच्या वर. आणि ती पुढच्या महिन्याच्या हप्त्यात वळती न करता शेवटच्या हप्त्यातून कापावी. हा फरक छोटा दिसतो, पण बहुतेक व्यवहार इथेच सैल होतात. दिवाळीत ५,००० जास्त दिले आणि ते नोव्हेंबर-डिसेंबरचे हप्ते धरले, तर दोन महिने काहीच द्यायचे नाही. तिसऱ्या महिन्यात २,५०० काढणे पुन्हा पहिल्यासारखे जड जाते, आणि तुम्हालाही दोन महिने कोरडे जातात. तेच ५,००० शेवटून कापले तर नोव्हेंबरात हप्ता आहेच, फक्त जुलै आणि ऑगस्ट २०२६ चे हप्ते रद्द होऊन मुदत जूनवर आली. तुमचा पैसा लवकर आला आणि दर महिन्याची सवय मोडली नाही.

थांबण्याची किंमत म्हणाल तर तीही मोजता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, कोर्टात थकबाकी भरताना लागणारा व्याजदर सरळ व्याजाने वर्षाला १५ टक्के आहे. तोच इथे लावू. पहिला महिना ३०,००० थकीत, दुसरा २७,५००, असे उतरत शेवटी २,५००. या सगळ्यावर महिना सव्वा टक्का धरला तर बारा महिन्यांचे व्याज होते सुमारे २,४३८ रुपये. म्हणजे जवळपास एका हप्त्याएवढे. ताईंनी व्याजापोटी तेरावा हप्ता देऊ केला तर तुमचे आजपासूनचे थांबणे पूर्ण भरून निघते. द्यावा की नाही हे तुमच्या संबंधांवर सोडू. पण बारा महिने फार होतात म्हणून सहा महिन्यांचा न झेपणारा करार करून घेणे, आणि तो मोडल्यावर गाळा रिकामा करून नवा भाडेकरू शोधणे, यात एक महिना जरी गाळा बंद राहिला तरी तुमचे ६,००० गेले. २,४३८ ची तुलना त्याच्याशी करा.

अण्णा : गणित पटलं. आता कायद्याचं बोला. मी हप्ते घेत गेलो तर उद्या ताई म्हणतील, मालकाला थकबाकी चालते, त्याने मान्य केलं आहे. आणि खरं सांगू, ताईंच्या जागी मी असतो तर असं काही लिहून दिलंच नसतं. लिहून दिलं की अडकलं.

मी : दोघांची भीती एकाच कागदाने जाते. आधी तुमची. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम ६३ सांगते की ज्याला येणे आहे तो समोरच्याला मुदत वाढवून देऊ शकतो, आणि त्यासाठी बदल्यात काही घेतलेच पाहिजे असे नाही. म्हणजे तुम्ही हप्ते मान्य केलेत तर ती मान्यता खरी, तुम्ही मध्येच फिरू नये. पण मान्यता कशाला दिली हे कागदावर असेल तेवढ्यालाच. म्हणून पत्रात एक वाक्य हवे: सलग दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होईल आणि मालक कायद्याप्रमाणे पावले उचलायला मोकळे राहतील. हे वाक्य भाडेकरूने स्वतः लिहिले तर त्याचे वजन वेगळे. दुसरे म्हणजे, भाड्याच्या थकबाकीचा दावा करायला मुदत कायद्याने तीन वर्षे दिली आहेत. त्या मुदतीत ऋणकोने सही करून देणे कबूल केले तर तीन वर्षे सहीच्या दिवसापासून नव्याने मोजतात. तोंडी "देते हो अण्णा" ने हे होत नाही. पत्र तुम्हाला अधिक सुरक्षित करते.

आता ताईंचे अडकणे. जे देणे आहेच, आणि दोघांनाही माहीत आहे, ते लिहिल्याने वाढत नाही. वाढते ते न लिहिल्याने. वीजबिलाचेच घ्या. तुमच्या मते सबमीटरचे २,४०० येणे आहेत, ताईंच्या मते रीडिंगप्रमाणे १,६०० होतात. पत्र नसेल तर हे ८०० रुपये थकबाकीत मिसळतात आणि सहा महिन्यांनी "तीस का बत्तीस का पस्तीस" असा घोळ होतो. पत्रात ताईंनी भाड्याचे ३२,००० निर्विवाद म्हणून कबूल करावेत आणि वीजबिल वेगळे ठेवावे, "मीटर एकत्र पाहून ठरवू" म्हणून. कबुली फक्त तेवढ्याची, जेवढे मान्य आहे. त्याच करार कायद्याची ५९ ते ६१ ही कलमे भाडेकरूने वाचायला हवीत. पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी हे ऋणकोने सांगितले तर धनकोला तसेच जमा धरावे लागते. सांगितले नाही तर कोणत्या देण्यात धरायचे हे धनको ठरवू शकतो. ताईंनी ५ तारखेला न बोलता ६,००० दिले आणि तुम्ही ते फेब्रुवारीच्या भाड्यात जमा केले, तर ताईंच्या समजुतीने चालू भाडे चुकते आहे आणि तुमच्या वहीत तेच थकले आहे. दोघेही प्रामाणिक, तरी दोन हिशेब. म्हणून चालू भाडे ५ तारखेला आणि हप्ता १० तारखेला, अशा दोन तारखा, दोन वेगळ्या रकमा. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात "ऑगस्ट २०२५ भाडे" किंवा "थकबाकी हप्ता १" असे लिहायचे. रोख दिले तर पावतीवर तेच. पावती देणे हे १९९९ च्या कायद्यात मालकाचे कर्तव्यच आहे, मेहरबानी नाही.

अण्णा : मग दाखवा ते पत्र. दोन पानांचं असेल तर मी वाचणार नाही.

मी : एका पानाच्या आत बसते. कारण एका वाक्यात, आकडे मोकळे, विनवणी अजिबात नाही. आजारपणाचे तीन परिच्छेद लिहिले की वाचणाऱ्याला हप्ता सापडत नाही, आणि दया मागणाऱ्या पत्राला दयेचेच उत्तर येते: "बघू."

"दिनांक १० ऑगस्ट २०२५. राहाता.
श्री. … यांस, सप्रेम नमस्कार.
विषय : गाळा क्र. … च्या थकलेल्या भाड्याची समान हप्त्यांत फेड.
आपल्या गाळ्याचे फेब्रुवारी ते जुलै २०२५ या सहा महिन्यांचे भाडे दरमहा ६,००० प्रमाणे ३६,००० रुपये होते. त्यापैकी ४,००० रुपये मी एप्रिलमध्ये रोख दिले. ३२,००० रुपये देणे आहे आणि ते मला मान्य आहे. हाताच्या शस्त्रक्रियेमुळे या काळात काम बंद होते. आता ते पूर्ववत सुरू आहे.
आज या पत्रासोबत २,००० रुपये देत आहे. उरलेले ३०,००० रुपये दरमहा २,५०० च्या बारा समान हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या १० तारखेला देईन. पहिला हप्ता १० सप्टेंबर २०२५ ला, शेवटचा १० ऑगस्ट २०२६ ला. ऑगस्ट २०२५ पासूनचे चालू भाडे नेहमीप्रमाणे पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत वेगळे देईन. ते हप्त्यात धरू नये.
जास्त रक्कम देता आली तर ती शेवटच्या हप्त्यांतून वजा व्हावी. सलग दोन हप्ते चुकले तर उरलेली सर्व रक्कम लगेच देय होईल आणि आपण कायद्याप्रमाणे कारवाई करण्यास मोकळे असाल. हप्ते वेळेवर येत असताना या थकबाकीसाठी गाळा रिकामा करण्याची मागणी होऊ नये, ही विनंती.
वीजबिलाचा हिशेब या रकमेत नाही. या आठवड्यात आपल्या सोयीने मीटर एकत्र पाहून तो वेगळा मिटवू.
प्रस्ताव मान्य असल्यास दुसऱ्या प्रतीवर 'मान्य' लिहून तारखेसह सही करावी.
आपली, …"

अण्णा : "विनंती" एकदाच आली. बरं वाटलं. पण माझे दोन बदल. हप्ता चुकला तर ताईंनी मला १० तारखेच्या आधी सांगायचं, नंतर कारण देत बसायचं नाही. आणि डिपॉझिटचे तीस हजार माझ्याकडे आहेत. ताईंच्या मुलाने मागे विचारलं होतं, त्यातूनच कापून घ्या म्हणून. ते नाही चालणार.

मी : पहिला बदल पत्रात घालायलाच हवा, तो माझ्याकडून सुटला नसता तर बरे झाले असते. दुसऱ्यातही तुमचे बरोबर आहे. डिपॉझिट जुन्या भाड्यात कापले तर कागदावर थकबाकी नाहीशी होते, पण तुमच्या हातात तारण उरत नाही आणि ताईंना ते पुन्हा भरावे लागते. म्हणजे थकबाकीचे नाव बदलून तीच रक्कम. गाळा सोडायचाच असेल तर तो मार्ग, एरवी नाही. "डिपॉझिट कायम राहील" एवढे तीन शब्द पत्रात टाका. मात्र एक गोष्ट मी तुमच्याकडूनही मागेन. सही करायची तर "मान्य" लिहून करा. नुसती "मिळाले" लिहून सही केली तर ती पोच होते, संमती होत नाही. पोच घ्यायला टपालही चालते. संमतीला तुमचा हात लागतो.

अण्णा : आणि मी "मान्य" लिहिलंच नाही तर? समजा माझी नोटीस आधीच गेली आहे.

मी : तर या पत्राची ताकद फार कमी होते, आणि ते भाडेकरूने स्वच्छ समजून घ्यावे. १९९९ च्या कायद्याचे कलम १५ भाडेकरूला आडोसा देते: लेखी मागणीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस संपेपर्यंत थकबाकीच्या कारणाने ताब्याचा दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळे देय भाडे १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरले, पुढे दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिले आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर त्या कारणाने ताबा जात नाही. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात नोटिशीनंतर एकच महिना होता, त्या मानाने ही मुदत मोठी. पण नीट पाहा, यात कुठेही बारा महिन्यांचे हप्ते नाहीत. कायदा पूर्ण रक्कम मागतो, मुदतीत मागतो. मालकाने मान्य न केलेले वेळापत्रक भाडेकरूला तिथे वाचवत नाही. ताईंनी ९० दिवसांत तीन हप्ते दिले तरी ३२,००० पैकी ९,५०० च झाले. आणि हा आडोसाही कायदा लागू असलेल्या भागातल्या भाडेकरूला आहे. अकरा महिन्यांच्या लीव्ह-अँड-लायसन्सवर बसलेल्याची गोष्ट वेगळी. आपला कागद कोणता आहे हे पत्र लिहिण्याआधी वकिलाला दाखवून घ्यावे.

अण्णा : म्हणजे चावी माझ्याकडेच आहे.

मी : नोटीस गेल्यावर तुमच्याकडे. नोटीस जायच्या आधी दोघांकडे. सहा महिने थकेपर्यंत वाट पाहिल्याने ताईंना बारा हप्ते लागले. एप्रिलमध्ये, ४,००० दिले त्या दिवशी, फेब्रुवारी आणि मार्च मिळून ८,००० बाकी होते. चार महिने २,००० चा हप्ता, एवढ्यात ते फिटले असते. ज्यांचे दोन महिन्यांचे भाडे थकले आहे त्यांनी तिसऱ्याची वाट न पाहता हिशेब कागदावर मांडावा, आपला सगळ्यात दुबळा महिना कोणता हे आठवून हप्ता ठरवावा, पहिली रक्कम सोबत घ्यावी आणि दोन प्रती घेऊन मालकाकडे जावे. ज्या प्रतीवर "मान्य" आणि तारीख आहे ती भाडेपावत्यांच्या फाइलीत ठेवावी.